निखळलेला खांदा एक्स-रेवर कसा वाचायचा: बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर

खांदा निखळलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की निदान बरेचदा दारातच होतं. खांद्याची गोलाई गेलेली असते, अक्रोमिअनची कड त्वचेखाली टोकदार उठून दिसते आणि रुग्ण चांगल्या हाताने दुखरं कोपर सांभाळत एका बाजूला झुकून बसलेला असतो. तरीही एक्स-रे काढायचा, कारण तपासणीतून न मिळणारी तीन उत्तरं त्यातून मिळतात. ह्युमरसचं डोकं नेमकं कुठल्या दिशेला गेलं आहे? सोबत काय मोडलं आहे? आणि जे मोडलं आहे ते पाहता खांदा आत्ता, इथे, ओढणं सुरक्षित आहे का? घाईत सुटतो तो तिसरा प्रश्न. कोराकॉइडखाली डोकं दिसलं की नजर तिथेच थांबते आणि हात ओढायला पुढे सरसावतात.

हा लेख कॅज्युअल्टीत नव्याने ड्यूटी करणाऱ्या इंटर्न आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे. खांद्यावरचं सगळं इथे येणार नाही. घोळ होतो त्या दोन जागांवर मात्र आपण जास्त वेळ थांबू: मागे निखळलेला खांदा, आणि निखळलेल्या खांद्यात लपलेली ह्युमरसच्या मानेची मोड.

फिल्म मागवण्याआधी आणि मागवताना

रुग्णाला एक्स-रेच्या खोलीत पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासून केसपेपरवर वेळेसह लिहा. मनगटावरची नाडी लागते का, आणि दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात, डेल्टॉइडवर, स्पर्श कळतो का. हा पट्टा ॲक्सिलरी नर्व्हचा. खांदा बसवल्यानंतर तिथे बधिरपणा सापडला आणि आधीची नोंद नसली, तर तो निखळल्यामुळे आला की बसवताना आला हे कुणालाच सांगता येत नाही. नाडी लागत नसेल तर फिल्मची वाट पाहत बसू नका, लगेच सीनियरला बोलवा. दुखणं थांबवायचं औषधही आधीच द्या. दुखणाऱ्या रुग्णाची फिल्म चांगली येत नाही, आणि वाईट फिल्म वाचण्यात पुढचा अर्धा तास जातो.

फॉर्मवर नुसतं ‘एक्स-रे शोल्डर’ लिहिलं की रात्रीच्या वेळी एकच एपी फिल्म हातात पडते. चूक टेक्निशियनची नसते. जे मागितलं तेच मिळालेलं असतं. असं लिहा: ‘उजवा खांदा, एपी आणि स्कॅप्युलर वाय, शक्य असल्यास ॲक्सिलरी. निखळल्याची शंका, हात जबरदस्तीने फिरवू नये.’ पडताना नेमकं काय झालं तेही एका ओळीत लिहा, कारण फिट आल्यानंतर दुखणारा खांदा आणि मोटारसायकलवरून पडून दुखणारा खांदा वेगळ्या नजरेने वाचावा लागतो.

दोन फिल्म का लागतात, ते एपी व्ह्यू कसा घेतात हे पाहिलं की लक्षात येतं. एपीमध्ये किरण समोरून मागे जातात. डोकं वर, खाली, आत किंवा बाहेर सरकलं तर ते दिसेल. पण ते सरळ मागे सरकलं तर किरणांच्याच रेषेत सरकलं, आणि सावली जवळजवळ होती तिथेच पडते. म्हणून पहिल्या फिल्मला काटकोनातली दुसरी फिल्म लागते. वाय किंवा ॲक्सिलरी, यांपैकी एक तरी असल्याशिवाय खांदा ‘नॉर्मल’ म्हणायचा नाही.

ॲक्सिलरी व्ह्यूसाठी हात शरीरापासून थोडा दूर न्यावा लागतो. पूर्ण ९० अंशांची गरज नसते, २०–३० अंशांवरही कामापुरती फिल्म येते. तेवढंही जमत नसेल तर वेलपो व्ह्यू मागा. रुग्णाचा हात स्लिंगमध्येच राहतो, तो टेबलाला पाठ करून सुमारे ३० अंश मागे झुकतो, कॅसेट खाली टेबलावर आणि किरण वरून खाली. हात हलवावा लागत नाही, म्हणून ‘रुग्ण हात उचलू देत नाही, ॲक्सिलरी झाली नाही’ हे कारण इथे चालत नाही.

एपीवर काय पाहायचं

फिल्म लावली की आधी बाजूची खूण आणि रुग्णाचं नाव पाहा. मग खांद्यापासून सुरुवात न करता कडेपासून करा: क्लॅव्हिकल, एसी जॉइंट, वरच्या बरगड्या, फुप्फुसाचं टोक. अपघातातल्या रुग्णाचा न्यूमोथोरॅक्स खांद्याच्या फिल्मवर पहिल्यांदा दिसणं नवलाचं नाही. हे सगळं नंतर पाहू म्हटलं तर पाहिलं जात नाही, कारण निखळलेलं डोकं एकदा दिसलं की लक्ष तिथून हटत नाही.

मग ग्लेनॉइड शोधा. साध्या एपीमध्ये ग्लेनॉइड कडेवर दिसत नाही. स्कॅप्युला छातीच्या पिंजऱ्यावर तिरपी बसलेली असल्याने ग्लेनॉइडचं तोंड ३५–४० अंश पुढे वळलेलं असतं आणि त्याचा लांबट गोल दिसतो. नॉर्मल खांद्यात ह्युमरसच्या डोक्याची आतली कड या गोलावर थोडी चढलेली असते आणि दोघांच्या सावल्या मिळून अर्धचंद्र तयार होतो. हा अर्धचंद्र रोजच्या नॉर्मल फिल्मवर मुद्दाम पाहत जा. तो डोळ्यांत बसला असेल तरच तो नाहीसा झालेला कळतो.

निखळलेल्या खांद्यांपैकी सुमारे ९५ टक्के पुढे निखळलेले असतात, आणि त्यांत डोकं बहुतेक वेळा आत आणि खाली, कोराकॉइडच्या खाली जाऊन बसतं. एपीवर ग्लेनॉइडचा वरचा भाग रिकामा दिसतो आणि डोक्याची सावली ग्लेनॉइडच्या खालच्या भागावर आणि स्कॅप्युलाच्या मानेवर चढलेली दिसते. काही वेळा डोकं ग्लेनॉइडच्या अगदी खाली उतरलेलं असतं. हात डोक्याच्या वर उचललेल्या स्थितीत अडकला असेल आणि रुग्णाला तो खाली आणता येत नसेल, तर ते सरळ खाली निखळणं आहे. हा प्रकार दुर्मीळ आहे आणि रुग्णाकडे पाहूनच ओळखू येतो. त्यात नसा आणि रक्तवाहिन्या जास्त दुखावतात, त्यामुळे सीनियरला लगेच कळवा.

इथे एक फसवणूक सांगायला हवी. ह्युमरसच्या मानेची किंवा ट्युबरॉसिटीची मोड असलेल्या रुग्णात सांध्यात रक्त साठतं, डेल्टॉइड ढिला पडतो आणि डोकं खाली लोंबल्यासारखं दिसतं. अक्रोमिअन आणि डोकं यांच्यातलं अंतर वाढलेलं दिसतं आणि नवखा डॉक्टर खांदा निखळला असं लिहून मोकळा होतो. फरक असा की यात डोकं खाली उतरलेलं असतं पण आत गेलेलं नसतं, आणि वाय व्ह्यूवर ते ग्लेनॉइडच्या समोरच असतं. हा खांदा ओढायचा नाही. इथे ओढल्याने मोड हलते, फायदा काहीच होत नाही. उभं राहून काढलेल्या फिल्मवर सांध्यात चरबी आणि रक्ताची आडवी पातळी दिसली तर आत कुठेतरी हाड मोडलं आहे असं समजूनच पुढे शोधा.

वाय आणि ॲक्सिलरी: पुढे की मागे

वाय व्ह्यूमध्ये स्कॅप्युला कडेवरून दिसते. तिचं मुख्य पातं हा वायचा खालचा दांडा, बरगड्यांकडे झुकलेली फांदी कोराकॉइड, आणि पाठीकडची फांदी स्कॅप्युलाचा काटा व अक्रोमिअन. तीनही जिथे मिळतात तिथे ग्लेनॉइड. नॉर्मल खांद्यात डोक्याचा मध्य याच जागेवर असतो. डोकं कोराकॉइडखाली, बरगड्यांच्या बाजूला गेलं तर पुढे निखळलं. अक्रोमिअनखाली, पाठीच्या बाजूला गेलं तर मागे. हात न हलवता ही फिल्म काढता येते, हा तिचा मोठा फायदा.

तिची मर्यादा अशी की रुग्ण थोडा जरी कमी-जास्त वळला तरी वाय मोडतो. स्कॅप्युलाचं पातं एका पातळ रेषेत न दिसता रुंद फळीसारखं दिसत असेल किंवा बरगड्या त्याच्यावर चढलेल्या असतील, तर ती फिल्म दिशा ठरवायला वापरू नका. पुढे निखळलेलं डोकं वाकड्या वाय व्ह्यूवरही कळतं. पण मागे थोडंसंच सरकलेलं डोकं अशा फिल्मवर जागेवर असल्यासारखं दिसू शकतं.

ॲक्सिलरी व्ह्यू वाचताना आधी कोराकॉइड शोधा. बोटासारखं पुढे आलेलं ते टोक जिकडे, ती रुग्णाची पुढची बाजू. एवढं एकदा पक्कं केलं की बाकी सोपं आहे: डोकं ग्लेनॉइडसमोर आहे, कोराकॉइडच्या बाजूला गेलं आहे, की उलट बाजूला. ग्लेनॉइडच्या पुढच्या आणि मागच्या कडा याच फिल्मवर चांगल्या दिसतात. वाय आणि ॲक्सिलरी यांच्यात एकच निवडायची असेल आणि रुग्ण सहन करू शकत असेल, तर आमचा कौल ॲक्सिलरीला.

मागे निखळलेला खांदा

एकूण निखळलेल्या खांद्यांत मागचे फार तर २ ते ४ टक्के. पण पहिल्या भेटीत सुटणाऱ्या निदानांत त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. रुग्ण ‘मुका मार’ म्हणून पट्टा आणि गोळ्या घेऊन घरी जातो आणि काही आठवड्यांनी हात फिरत नाही म्हणून परत येतो. तीन आठवडे उलटले की खांदा नुसत्या ओढण्याने बसण्याची शक्यता फारच कमी होते, आणि मग बरेचदा ऑपरेशनच लागतं.

कुणात शंका घ्यायची? फिट येऊन गेल्यावर खांदा दुखतो असं सांगणारा, विजेचा झटका बसलेला, किंवा हात पुढे धरून त्यावर जोरात पडलेला. फिट किंवा झटक्यात खांद्याभोवतीचे सगळे स्नायू एकदम आवळतात. हात आत फिरवणारे स्नायू, म्हणजे लॅटिसिमस डॉर्साय, पेक्टोरॅलिस मेजर आणि सबस्कॅप्युलॅरिस, बाहेर फिरवणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात आणि ते डोकं मागे ढकलतात. म्हणूनच फिटनंतर दोन्ही खांदे एकदम निखळलेले असू शकतात. एका बाजूची तक्रार असली तरी दुसरी बाजू तपासा.

एपीवर पाहायच्या खुणा अशा. डोकं आत वळलेलं असल्याने ग्रेटर ट्युबरॉसिटी बाहेरच्या कडेवर दिसत नाही, आणि डोकं दोन्ही बाजूंनी सारखं गोल, विजेच्या बल्बसारखं दिसतं. या खुणेवर एकट्याने विसंबू नका, कारण स्लिंगमध्ये पोटावर हात ठेवून काढलेल्या चांगल्या खांद्याच्या फिल्मवरही डोकं असंच गोल येतं. बल्ब दिसला की पुढच्या तीन गोष्टी पाहायच्या. ग्लेनॉइडची पुढची कड आणि डोक्याची आतली कड यांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं आहे का? नेहमीचा अर्धचंद्र गेला आहे का? आणि डोक्याच्या आतल्या भागात, त्याच्या गोल कडेला समांतर, दुसरी एक पांढरी रेषा उभी दिसते का? डोकं मागे जाताना ग्लेनॉइडच्या मागच्या कडेवर आपटून त्याच्या पुढच्या आतल्या भागात खड्डा पडतो. ही रेषा म्हणजे त्या खड्ड्याची कड.

लेसर ट्युबरॉसिटीचा तुकडा एकटाच निघालेला दिसला तर खांदा मागे निखळला नाही हे सिद्ध होईपर्यंत तो निखळलाच आहे असं धरा. तिथे सबस्कॅप्युलॅरिस चिकटलेला असतो आणि डोकं मागे जाताना तो हाडाचा तुकडा ओढून काढतो.

फिल्म पाहून शंका आली की पुन्हा रुग्णाकडे जा. कोपर अंगाला लावून, ९० अंशांत वाकवून, हात हळूच बाहेर फिरवून पाहा. मागे निखळलेल्या खांद्यात हात बाहेर फिरतच नाही, मध्येच अडकतो. दुखण्यामुळे आखडलेला खांदा औषध दिल्यावर थोडा तरी सैल होतो, अडकलेला होत नाही. मग वेलपो किंवा ॲक्सिलरी काढा. तीही नीट येत नसेल तर सीटी. आणि हा खांदा कॅज्युअल्टीत एकट्याने ओढायचा नाही. खड्ड्यात ग्लेनॉइडची कड रुतून बसलेली असते, तेव्हा जोर लावून पिळलं तर मान मोडते.

मोड शोधताना सुरुवात मानेपासून

पुढे निखळलेल्या खांद्यात सर्वांत जास्त दिसणाऱ्या मोडींपैकी एक ग्रेटर ट्युबरॉसिटीची. या उंचवट्यावर सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर चिकटलेले असतात. डोकं पुढे-खाली सरकतं, स्नायू तुकडा धरून ठेवतात, आणि तुकडा आपल्या जुन्या जागेजवळ, अक्रोमिअनखाली राहतो. एपीवर ग्लेनॉइडच्या बाहेर, एकटाच तरंगणारा हाडाचा तुकडा दिसतो आणि डोक्याची बाहेरची कड कापल्यासारखी सपाट. रोटेटर कफमधल्या कॅल्शियमच्या साठ्याशी याची गल्लत होते. तो साठा पिठाच्या ढिगासारखा एकसारखा पांढरा असतो. हाडाच्या तुकड्याला एका बाजूला तरी ठळक कॉर्टेक्सची रेषा असते.

ही मोड दिसणं तसं वाईट नाही. खांदा बसला की तुकडा बहुतेक वेळा आपोआप जागेजवळ येतो. धोका वेगळा आहे: ग्रेटर ट्युबरॉसिटीची मोड दिसली की शोध थांबतो, आणि तीच भेग पुढे सर्जिकल नेकपर्यंत गेली आहे हे पाहिलं जात नाही. न हललेली मानेची मोड असलेला खांदा ओढला तर शाफ्ट हातासोबत येतो आणि डोकं आत कोराकॉइडखालीच राहतं. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुटू शकतात आणि ते डोकं पुढे मरू शकतं. ॲनाटॉमिकल नेकच्या मोडीत हा धोका आणखी जास्त.

म्हणून ओढण्याआधी मान वाचण्याचा एक ठरलेला क्रम ठेवा. शाफ्टच्या आतल्या कडेवर बोट ठेवा, काखेच्या बाजूला. तिथून वर, डोक्याच्या खालच्या काठापर्यंत, ती पांढरी रेषा अखंड जाते का ते पाहा. १–२ मिलिमीटरची पायरी, अचानक आलेला कोन किंवा तुटलेपणा म्हणजे मोड. मग बाहेरच्या कडेवरून तसंच करा. ग्रेटर ट्युबरॉसिटीचा तुकडा असेल तर त्याच्या खालच्या टोकापासून आडवी जाणारी काळी किंवा पांढरी रेषा शोधा. काळी म्हणजे फाकलेली भेग, पांढरी म्हणजे एकमेकांत दाबून बसलेलं हाड. शेवटी डोकं आणि शाफ्ट यांचा कोन पाहा. तो साधारण १३५ अंशांचा असतो. डोकं एकीकडे तोंड करून आणि शाफ्ट भलत्याच रेषेत असेल तर दोघं एकमेकांना जोडलेले नाहीत.

ही रेषा फार बारीक असते आणि निखळलेल्या स्थितीत मान बऱ्याचदा ग्लेनॉइडच्या किंवा बरगड्यांच्या सावलीत येते. व्ह्यू-बॉक्सवरच्या फिल्मचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर ऑर्थोच्या सीनियरला पाठवला तर पहिली गायब होते ती हीच रेषा. पाठवायचाच असेल तर मानेचा भाग जवळून, उजेडाची चकाकी टाळून वेगळा काढा, आणि सोबत स्पष्ट विचारा की मानेत भेग वाटते का. नुसतं ‘सर, अँटिरिअर डिसलोकेशन, बसवू का?’ विचारलं तर सीनियरही डोकंच पाहतील.

पहिल्यांदाच निखळलेला खांदा, वय चाळिशीच्या पुढे, आणि जोराचा मार किंवा उंचावरून पडणं, या रुग्णांत मोड असण्याची शक्यता जास्त. विशीतल्या मुलाचा, आधी अनेकदा निखळलेला, नुसता हात उचलताना सुटलेला खांदा वेगळा. दोघांच्या फिल्मला सारखाच वेळ देण्याची गरज नाही.

एक प्रकरण

असं धरू की ६२ वर्षांच्या बाई, रात्री जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या चुकून उजव्या हातावर पडल्या. मधुमेहाची गोळी चालू. खांदा चपटा, नाडी चांगली, डेल्टॉइडवर स्पर्श डाव्या बाजूपेक्षा कमी. ही नोंद आधी केली.

एपीवर ग्लेनॉइड रिकामा, डोकं कोराकॉइडखाली. अक्रोमिअनखाली सुमारे २ सेंटिमीटर लांबीचा तुकडा, त्याच्या बाहेरच्या कडेला कॉर्टेक्स. इथपर्यंत निदान होतं: पुढे निखळलेला खांदा, ग्रेटर ट्युबरॉसिटीची मोड. वाय व्ह्यूवर डोकं बरगड्यांच्या बाजूला, म्हणजे दिशा पक्की. नेहमीचा विचार इथे असा येतो की बाईंना थोडी गुंगी देऊ, खांदा बसवू, तुकडा जागेवर येईल.

मानेचा क्रम पाळला तर वेगळं दिसतं. आतली कड शाफ्टवरून वर येताना सर्जिकल नेकपाशी एक छोटी पायरी घेते, जेमतेम २ मिलिमीटर. तुकड्याच्या खालच्या टोकाकडून एक पुसट पांढरी रेषा त्याच पायरीच्या दिशेने निघते आणि ग्लेनॉइडच्या सावलीत नाहीशी होते. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की ओढणं थांबवायला पुरेशा आहेत. रेषा खात्रीची नाही, पण ओढल्यावर चूक उलटवता येत नाही, आणि सीटीला थोडाच वेळ लागतो.

सीटीवर मानेची न हललेली मोड दिसते. आता हा खांदा कॅज्युअल्टीचा राहिला नाही. हात स्लिंगमध्ये, दुखणं आटोक्यात, बाई उपाशीपोटी, ऑर्थोला फोन. खांदा ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन, सी-आर्मखाली, हळूहळू बसवायचा. पिळून बसवण्याच्या पद्धती, उदाहरणार्थ कोचरची, इथे वापरायच्या नाहीत. उघडून बसवावा लागला तर त्याची तयारी आणि संमती आधीच घेतलेली असावी. केसपेपरवर लिहा: ‘उजवा खांदा पुढे निखळलेला, ग्रेटर ट्युबरॉसिटीची मोड, सर्जिकल नेकची न हललेली मोड सीटीवर. कॅज्युअल्टीत बसवण्याचा प्रयत्न केलेला नाही. डेल्टॉइडवर स्पर्श कमी, आल्यापासून.’ यातलं शेवटचं वाक्य आणि ‘प्रयत्न केलेला नाही’ हे शब्द पुढच्या डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

जिथे सीटी नाही, त्या ग्रामीण रुग्णालयात दुसरा कोन घेऊन एपी परत काढा आणि मानेवरची शंका गेली नाही तर रुग्ण स्लिंगमध्ये पुढे पाठवा. नाडी चांगली असलेला निखळलेला खांदा काही तासांचा प्रवास सहन करतो.

हिल-सॅक्स आणि बँकार्ट

या दोन मोडी बसवण्याच्या निर्णयात आड येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर बसवण्याआधी फार वेळ घालवू नका. पण त्या नोंदवल्या गेल्या पाहिजेत, कारण खांदा पुन्हा पुन्हा निखळणार का, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं.

डोकं पुढे गेलं की त्याचा मागचा-बाहेरचा भाग ग्लेनॉइडच्या पुढच्या कडेवर दाबला जातो आणि तिथे खाच पडते. हॅरॉल्ड हिल आणि मॉरिस सॅक्स या दोन रेडिओलॉजिस्टनी १९४०मध्ये ती वर्णन केली. बसवल्यानंतर हात आत फिरवून काढलेल्या एपीवर ती डोक्याच्या वरच्या बाहेरच्या कडेवर खाचेसारखी दिसते. हात बाहेर फिरवलेल्या फिल्मवर तीच खाच पूर्ण लपू शकते. त्यामुळे एका फिल्मवर दिसली नाही म्हणजे नाही, असं लिहू नका.

त्याच टकरीची दुसरी बाजू म्हणजे ग्लेनॉइडची पुढची-खालची कड. तिथून हाडाचा पापुद्रा निघाला तर ती हाडाची बँकार्ट. एपीवर ग्लेनॉइडच्या खालच्या टोकाजवळ एक बारीक तुकडा, किंवा तुकडाही नाही, फक्त कडेची पांढरी रेषा खाली आल्यावर अचानक संपलेली. ही रेषा वरून खाली डोळ्यांनी ओढत आणा, ती कुठे तुटते ते कळतं. मऊ लॅब्रमची इजा एक्स-रेवर दिसत नाही. त्यामुळे ‘बँकार्ट नाही’ असं न लिहिता ‘हाडाचा तुकडा दिसत नाही’ असं लिहिणं बरोबर. तुकडा मोठा वाटला तर किती कड गेली हे सीटीवरच ठरतं.

बसवल्यानंतरची फिल्म

खांदा ‘टक’ करून बसला, रुग्णाचा चेहरा सैल झाला, तरी फिल्म काढायचीच आणि पुन्हा दोन व्ह्यूंची. डोकं ग्लेनॉइडसमोर आलं का, हे वाय किंवा ॲक्सिलरीवर पाहा. मग मोडींचा सगळा क्रम नव्याने करा, जणू ही फिल्म पहिल्यांदाच पाहत आहात. डोकं बाजूला झाल्याने ग्लेनॉइडची कड आणि मान आता मोकळी दिसते, आणि आधी लपलेल्या मोडी इथे उघड्या पडतात. नवी मोड दिसली तर आधीची फिल्म शेजारी लावा. ती आधीही होती का, हे त्याच वेळी ठरवून लिहून ठेवायचं.

ग्रेटर ट्युबरॉसिटीचा तुकडा किती लांब राहिला ते मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला, विशेषतः वर सरकलेला तुकडा अक्रोमिअनखाली अडतो आणि हात उचलू देत नाही. असा रुग्ण नुसता स्लिंग देऊन घरी जाऊ नये, ऑर्थोने त्याच दिवशी पाहावा. सांध्यातली फट विनाकारण रुंद दिसत असेल तर आत हाडाचा तुकडा किंवा मऊ भाग अडकला आहे का, अशी शंका घ्या.

नाडी आणि डेल्टॉइडवरचा स्पर्श परत तपासून आधीच्या नोंदीखालीच लिहा. चाळिशीच्या पुढच्या रुग्णाला आणखी एक गोष्ट सांगून पाठवायची: फिल्मवर काही मोडलेलं नसलं तरी रोटेटर कफ फाटलेला असू शकतो आणि तो एक्स-रेवर दिसत नाही. दुखणं ओसरल्यावर, आठवडा-दहा दिवसांनी, हात स्वतःहून बाजूला उचलता आला नाही तर ऑर्थोच्या ओपीडीत परत यायचं. हे डिस्चार्जच्या कागदावर तारखेसह, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्या.